सगळ्यांना एकदम विचारणारी मेमरी

सॉफ्टवेअरमधली चूक फार तर प्रोग्राम बंद पाडते किंवा संगणक अडकवते, चिपला इजा करत नाही, असं सगळेच धरून चालतात. १९८०च्या दशकातल्या मिप्स आर२००० आणि आर३००० या प्रोसेसरांबाबत मात्र तशी खात्री नव्हती. त्यांच्या स्टेटस रजिस्टरमध्ये `TS` नावाचा एक बिट होता. ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्यानं प्रोसेसरच्या एका छोट्या तक्त्यात एकाच पत्त्यासाठी चुकून दोन नोंदी भरल्या आणि पुढे त्या पत्त्याची विचारणा झाली, की हा बिट १ व्हायचा आणि तक्ता स्वतःला बंद करून घ्यायचा. रीसेट केल्याशिवाय तो पुन्हा सुरू होत नसे. ही खबरदारी घेण्याचं कारण असं, की तक्ता तशाच अवस्थेत चालू राहिला असता तर आतली सर्किटं एकमेकांच्या विरुद्ध जोर लावत राहिली असती आणि चिपला अपाय होऊ शकला असता.

साध्या मेमरीत एकच आकडा दोन काय, दोन हजार ठिकाणी लिहिला तरी काही बिघडत नाही. मग या तक्त्यातच असं काय होतं? तो तक्ता रॅमचा नव्हता, कॅमचा होता. कॅम म्हणजे कंटेंट अ‍ॅड्रेसेबल मेमरी.

रॅमचं काम कसं चालतं ते आधी पाहू. मेमरीच्या पेशी ओळींनी मांडलेल्या असतात. प्रत्येक ओळीतून एक आडवी तार जाते, तिला वर्ड लाइन म्हणतात. पेशींच्या प्रत्येक उभ्या रांगेतून बिट लाइन नावाच्या तारा जातात. प्रोसेसरनं पत्ता दिला की तो डिकोडर नावाच्या सर्किटमध्ये शिरतो. पत्ता सहा बिटांचा असेल तर डिकोडरमधून चौसष्ट तारा बाहेर पडतात आणि त्यांतली नेमकी एक चालू होते. ती ओळ जागी झाली की तिच्या पेशींतला मजकूर बिट लाइनवर उतरतो आणि खाली वाचला जातो. इथली महत्त्वाची गोष्ट म्हणजे डिकोडरची हमी. एका वेळी एकच ओळ जागी होईल, शून्य नाही आणि दोनही नाहीत. कुठलाही पत्ता दिला तरी या हमीत फरक पडत नाही.

कॅमला विचारायचा प्रश्न याच्या उलट असतो. "सतराव्या ओळीत काय आहे?" असं न विचारता "हा अमुक मजकूर कुठल्या ओळीत आहे?" असं विचारायचं. रॅमकडून याचं उत्तर हवं असेल तर पहिली ओळ वाचा, ताडून पाहा, नाही जुळली तर दुसरी वाचा, असं करत चौसष्टाव्या ओळीपर्यंत जावं लागेल. कॅम हे काम एका दमात करते, कारण तिच्यातल्या प्रत्येक पेशीला स्वतःचा बिट नुसता जपताच नव्हे, तर ताडूनही पाहता येतो.

ते कसं, हे समजायला एका वर्गाची कल्पना पुरेशी आहे. गुरुजींनी आधी सगळ्या मुलांना हात वर करायला सांगितलं आणि मग एक नाव पुकारलं. नाव ज्याचं नाही त्यानं हात खाली घ्यायचा. क्षणार्धात एकच हात वर उरतो, किंवा तो मुलगा गैरहजर असेल तर एकही उरत नाही. कॅममध्ये प्रत्येक ओळीला मॅच लाइन नावाची एक तार असते आणि शोधाआधी या सगळ्या तारा विद्युतभारानं भरून ठेवतात. मग शोधायचा मजकूर उभ्या तारांवरून सगळ्या ओळींना एकदम दाखवला जातो. ओळीतला एक जरी बिट जुळला नाही, तरी ती पेशी मॅच लाइनला जमिनीचा रस्ता उघडून देते आणि तार रिकामी होते. सगळे बिट जुळले तरच तार भरलेली राहते.

या सोयीची किंमत मोजावी लागते. प्रोसेसरमधल्या वेगवान रॅमच्या एका पेशीला सहा ट्रान्झिस्टर लागतात. ताडून पाहायचे चार त्यात मिळवले की कॅमची नेहमीची पेशी दहा ट्रान्झिस्टरांची होते. पण जागेपेक्षा वीज जास्त भारी पडते. रॅममध्ये एका वेळी एक ओळ जागी होते. कॅममध्ये प्रत्येक शोधाला सगळ्या मॅच लाइन भरायच्या आणि जुळलेली सोडून बाकी सगळ्या रित्या करायच्या. वर्गातल्या एका मुलासाठी साऱ्या वर्गानं हात वरखाली करायचे, तेही सेकंदाला कोट्यवधी वेळा. प्रोसेसर बांधणारे कॅम इतकी जपून का वापरतात, याचं उत्तर या एका हिशेबात आहे.

तरी एक जागा अशी आहे, जिथे तिच्याशिवाय भागणं कठीण असतं. ती पहिल्यांदा ठळकपणे पुढे आली मँचेस्टरमध्ये. मँचेस्टर विद्यापीठ आणि फेरांटी कंपनी यांनी मिळून बांधलेला अ‍ॅटलस हा संगणक डिसेंबर १९६२ मध्ये सुरू झाला. त्याची मुख्य मेमरी १६,३८४ शब्दांची होती आणि मागे फिरत्या चुंबकीय ड्रमचा मोठा साठा होता. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रोग्रामरला असं भासवायचं होतं, की हे सगळं मिळून एकच मोठी मेमरी आहे. त्यासाठी त्यांनी मेमरीची ५१२ शब्दांची पानं पाडली. मुख्य मेमरीत अशी बरोबर ३२ पानं मावत. प्रत्येक पानाच्या जागेशी एक रजिस्टर जोडलेलं होतं आणि सध्या त्या जागेत कुठलं पान आहे, ते त्यात लिहिलेलं असे. प्रोग्रामनं पत्ता मागितला की त्यातला पानाचा क्रमांक ३२ही रजिस्टरांशी एकाच वेळी ताडला जाई. जे जुळे त्याचं स्थान हेच उत्तर. एकही जुळलं नाही तर पान ड्रमवर आहे असं समजून प्रोग्राम थांबवला जाई आणि पान आणलं जाई.

अ‍ॅटलसची ही रीत आज जशीच्या तशी चालवायची म्हटलं तर काय होईल? आठ जीबी मेमरीचा साधा लॅपटॉप घ्या. आजचं नेहमीचं पान चार केबीचं असतं, म्हणजे मेमरीत २०,९७,१५२ पानं. प्रत्येक मेमरी-वापरागणिक वीस लाखांहून अधिक रजिस्टरं ताडायची ही कल्पनाच अशक्य आहे. म्हणून पानांचा पूर्ण हिशेब साध्या रॅममध्ये तक्ते करून ठेवतात आणि अलीकडे लागलेल्या मोजक्या पानांच्या नोंदी प्रोसेसरच्या आत, हाताशी ठेवतात. या हाताशी ठेवलेल्या तक्त्याचं नाव ट्रान्स्लेशन लुकअसाइड बफर, टीएलबी. सुरुवातीला सांगितलेला मिप्सचा तक्ता हाच.

आर३०००च्या टीएलबीत चौसष्ट नोंदी होत्या. प्रत्येक नोंदीचे दोन भाग. डावीकडे प्रोग्रामच्या नजरेतला, म्हणजे आभासी, पानाचा वीस बिटांचा क्रमांक आणि ते पान कुठल्या प्रोसेसचं आहे हे सांगणारा सहा बिटांचा ओळख-क्रमांक. हा भाग कॅमचा. उजवीकडे ते पान खऱ्या मेमरीत कुठे आहे त्याचा क्रमांक आणि परवानगीचे काही बिट. हा भाग साध्या रॅमचा. या दोहोंना जोडणारी युक्ती मोठी देखणी आहे. कॅमच्या बाजूची मॅच लाइन पुढे जाऊन रॅमच्या बाजूची वर्ड लाइन होते. रॅममध्ये जे काम डिकोडर करतो, ते इथे मजकुराचं जुळणं करतं. जुळली ती ओळ जागी होते आणि तिच्यातला खरा पत्ता बिट लाइनवर उतरतो. मध्ये कुठेही ओळीचा क्रमांक काढायची गरज पडत नाही.

एक पत्ता घेऊन पाहू. प्रोग्रामनं `0x12345ABC` हा पत्ता मागितला. शेवटचे तीन अंक, `ABC`, म्हणजे पानाच्या आतली जागा. चार केबीच्या पानाला बारा बिट पुरतात आणि हे तीन षोडशमान अंक म्हणजे तेच बारा बिट. उरलेला `12345` हा आभासी पानाचा क्रमांक. तो प्रोसेसच्या ओळख-क्रमांकासह चौसष्ट नोंदींपुढे एकदम ठेवला जातो. समजा विसावी नोंद जुळली आणि तिच्या उजव्या भागात `0089F` आहे. तर खरा पत्ता झाला `0x0089FABC`. एकही नोंद जुळली नाही तर मिप्स हे काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवत असे. ती मेमरीतल्या तक्त्यातून नोंद उचलायची, `tlbwr` ही सूचना चालवायची आणि हार्डवेअर ती नोंद टीएलबीच्या कुठल्या तरी ओळीत टाकून द्यायचं.

"कुठल्या तरी" हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. डिकोडरनं दिलेली हमी कॅम देत नाही. किती ओळी जागी होतील हे आत काय लिहिलंय त्यावर ठरतं. समजा `12345` ची नोंद विसाव्या ओळीत आधीपासून आहे. ऑपरेटिंग सिस्टिमनं ते पान खऱ्या मेमरीत हलवलं, पण जुनी नोंद `tlbp` या सूचनेनं शोधून न बदलता `tlbwr` नं नवी टाकली आणि ती जाऊन बसली चाळिसाव्या ओळीत. आता हा पत्ता विचारला की दोन मॅच लाइन भरलेल्या राहतात, म्हणजे दोन वर्ड लाइन एकदम चालू होतात. एक ओळ एखाद्या बिट लाइनला ० कडे ओढते, दुसरी १ कडे. वाचलेला आकडा यापैकी कुठलाच नसतो, वर दोन सर्किटांमधून नको तेवढा प्रवाह वाहत राहतो. `TS` बिटाची व्यवस्था होती ती याच अवस्थेसाठी. यंत्र नुकतंच सुरू केलेलं असतानाही अडचण होतीच, कारण तेव्हा टीएलबीत काहीही भरलेलं असू शकतं. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम सुरुवातीलाच चौसष्टही ओळींमध्ये अशा भागातले पत्ते भरून ठेवी, ज्यांची विचारणा टीएलबीकडे कधी जातच नाही.

ही गोष्ट जुन्या चिपांपुरती राहिलेली नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंटेलच्या अनेक प्रोसेसरांमधला एक दोष जाहीर झाला. तिथे पानं दोन आकारांची असू शकतात, चार केबीची आणि त्याहून बरीच मोठी. मोठं पान मोडून त्याची लहान पानं केली आणि जुनी नोंद पुसायच्या आत त्या भागातली सूचना उचलली गेली, तर टीएलबीत एकाच पत्त्याला दोन नोंदी जुळू शकत. परिणाम म्हणजे मशीन चेक, अर्थात अख्खं यंत्र अडकून बसणं. एका यंत्रावर अनेक ग्राहकांची आभासी यंत्रं चालवणाऱ्यांच्या दृष्टीनं हे गंभीर होतं, कारण एक खोडसाळ पाहुणा सगळ्यांना खाली आणू शकत होता. लिनक्स वापरणाऱ्याला आपल्या प्रोसेसरची स्थिती एका ओळीत पाहता येते:

```
cat /sys/devices/system/cpu/vulnerabilities/itlb_multihit
```

दोष नसेल तर `Not affected` असं उत्तर येतं.

आता कॅश मेमरीकडे वळू. पाठ्यपुस्तकांतून एक विधान सर्रास आढळतं, की कॅशमध्ये मजकुरावरून शोध होतो, तेव्हा कॅश म्हणजे कॅमच. तत्त्वतः प्रश्न तोच आहे यात वाद नाही. कॅशच्या प्रत्येक नोंदीत चौसष्ट बाइटांचा मजकूर आणि तो कुठल्या पत्त्याचा आहे हे सांगणारा टॅग असतो, आणि "या पत्त्याचा टॅग कुणाकडे आहे?" असंच विचारायचं असतं. पण बत्तीस केबीच्या कॅशमध्ये अशा ५१२ नोंदी होतात. दर वेळी ५१२ टॅग ताडणं परवडत नाही. म्हणून बहुतेक प्रोसेसर इथे खरी कॅम वापरत नाहीत. ते आधी रॅमच्या पद्धतीनं शोधाचं मैदान लहान करतात आणि मग उरलेल्या थोड्यांमध्येच ताडून पाहतात.

इंटेलनं कितीतरी वर्षं वापरलेली रचना अशी: बत्तीस केबी कॅश, चौसष्ट संच, प्रत्येक संचात आठ नोंदी. मघाचाच पत्ता घेतला तर `ABC` हे बारा बिट असे दिसतात: `101010 111100`. उजवीकडचे सहा बिट म्हणजे चौसष्टांपैकी साठाव्या क्रमांकाचा बाइट. डावीकडचे सहा म्हणजे ४२. हा बेचाळीस आकडा साध्या डिकोडरमध्ये जातो आणि बेचाळिसावा संच उघडतो. त्यातले आठ टॅग वाचले जातात आणि आठ तुलनाकारक ते एकाच वेळी ताडतात. कॅमसारखं वागणं राहिलं ते एवढ्या आठांपुरतं.

पण टॅग कशाशी ताडायचा? खऱ्या पत्त्याच्या `0089F` या भागाशी, आणि तो तर टीएलबीनं अजून दिलेला नाही. इथली जुळणी पाहण्यासारखी आहे. संच निवडायला लागणारे बिट पानाच्या आतल्या जागेतले आहेत आणि ते भाषांतरात बदलत नाहीत. त्यामुळे टीएलबीनं `12345` शोधायला घ्यावं, त्याच क्षणी कॅशनं बेचाळिसावा संच उघडावा, आणि इकडून `0089F` आला की तिकडून आठ टॅग तयार असावेत. दोन्ही शोध समांतर चालतात. या सोयीपायी एक बंधनही आलं. संच आणि बाइट मिळून बारा बिटांपलीकडे जाता येत नाही, म्हणजे संचातल्या दर जागेमागे चारच केबी. आठ जागांचे बत्तीस केबी झाले आणि कॅशचा हा आकार तिथेच वर्षानुवर्षं थांबला. २०१९च्या आइस लेक पिढीत इंटेलनं तो अठ्ठेचाळीस केबी केला, तोही संच न वाढवता. आठाऐवजी बारा जागा केल्या, म्हणजे ताडायचे टॅग वाढवले.

खऱ्या कॅमऐवजी ही तडजोड केल्यानं एक विचित्र दुखणं मागे लागतं. एक कोष्टक घ्या: २५६ ओळी, प्रत्येक ओळीत चार-चार बाइटांच्या १०२४ संख्या. एक ओळ बरोबर ४०९६ बाइटांची. आता प्रोग्राम ते स्तंभांनी वाचतो, म्हणजे दर पावलाला ४०९६ बाइट पुढे उडी. इतकी उडी मारली तर पत्त्याचे खालचे बारा बिट बदलतच नाहीत. साहजिकच स्तंभातल्या २५६ही संख्या एकाच संचावर येऊन आदळतात, आणि तिथे जागा आठच. बाकीचे त्रेसष्ट संच जवळपास रिकामे असतानाही नवव्या संख्येला जुनी कुणीतरी हाकलावी लागते. पूर्ण कॅम असती तर ५१२ नोंदींत या २५६ आरामात मावल्या असत्या. यावरचा उपाय गमतीशीर वाटेल, पण तो रोज वापरला जातो. प्रत्येक ओळीच्या शेवटी सोळा निरुपयोगी संख्या, म्हणजे चौसष्ट बाइट, जोडायचे. मग दर ओळीगणिक संच एकानं सरकतो आणि गर्दी चौसष्ट संचांत चार-चार अशी वाटली जाते. मेमरी थोडी वाया गेली तरी वेगात पडणारा फरक लपत नाही.

आपल्या यंत्राची रचना पाहायची असेल तर लिनक्सवर ही आज्ञा पुरते:

```
getconf -a | grep LEVEL1_DCACHE
```

उत्तरातला `SIZE` हा आकडा `ASSOC` आणि `LINESIZE` यांच्या गुणाकारानं भागला की संच किती ते कळतं. ३२७६८ भागिले ८ गुणिले ६४, म्हणजे ६४.

टीएलबीतही मोठ्या तक्त्यांसाठी हीच तडजोड चालते. रास्पबेरी पाय ४ मधल्या कॉर्टेक्स-ए७२ या प्रोसेसरात पहिल्या पातळीवर सूचनांसाठी ४८ आणि डेटासाठी ३२ नोंदींचे टीएलबी आहेत, दोन्ही पूर्ण शोधाचे, म्हणजे कुठलीही नोंद कुठेही बसू शकते. त्यांच्यामागचा १०२४ नोंदींचा दुसरा टीएलबी मात्र संचांचा आहे, संचात चार-चार जागांचा. नोंदी थोड्या असतील तोवर सगळ्यांना विचारायचं, आकडा हजारावर गेला की आधी संच निवडायचा.

आणि तरीही कॅशच्या टॅगसाठी खरीखुरी कॅम वापरणारे प्रोसेसर होऊन गेले, तेही वीज वाचवण्यासाठी! डिजिटल कंपनीचा १९९६चा स्ट्राँगआर्म एसए-११० हा त्यातला नामांकित. अ‍ॅपलच्या न्यूटन मेसेजपॅड २००० मध्ये तो होता आणि १६० मेगाहर्ट्झला त्याची भूक अर्ध्या वॅटच्या आसपास होती. त्याच्या सोळा केबीच्या कॅशमध्ये सोळा विभाग होते आणि प्रत्येक विभागात बत्तीस नोंदी. पत्त्यावरून एकच विभाग जागा होई, बाकीचे पंधरा झोपलेले. त्या विभागातले बत्तीस टॅग कॅमनं ताडले जात आणि जुळलेली मॅच लाइनच मजकुराची एकुलती एक ओळ उघडे. आठ जागांच्या साध्या कॅशमध्ये घाई असते, म्हणून टॅग ताडून होण्याआधीच आठही जागांचा मजकूर वाचून ठेवतात आणि सात वाचनं फेकून देतात. बत्तीस छोटे टॅग ताडून मजकुराची एकच ओळ वाचणं हे त्या हिशेबात स्वस्त पडे. शिवाय एका विभागात बत्तीस जागा असल्यानं वर सांगितलेली गर्दीही सहसा होत नसे.

आर्मच्या स्वतःच्या एआरएम९२०टी मध्येही हीच पद्धत होती, सोळा केबीचे आठ विभाग आणि विभागात चौसष्ट नोंदी. तिच्या पुढच्या एआरएम९२६ईजे-एस मध्ये मात्र संचात चारच जागा आल्या आणि टॅग साध्या रॅममध्ये गेले. कॅमची पेशी अभियंत्यांना हातानं आखावी लागते. ९२६ मात्र ग्राहक कंपन्यांनी सॉफ्टवेअरच्या मदतीनं आपापल्या कारखान्यासाठी आखून घ्यावा, अशा बेतानं बनवलेला होता, आणि त्या सॉफ्टवेअरला तयार मिळत होते ते रॅमचे ठोकळे.